पाचशे ग्रॅमच्या पानावर चारशेची बरणी

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला हा प्रश्न कधी पडला नाही. कंपनीने पाकीट लहान केलं की तो पुडा काउंटरवर ठेवतानाच सांगतो, “काकू, हे आता चारशेचंच येतंय बरं का. भाव बघून घ्या.” काकू कुरकुरतात, कंपनीला दोन शब्द सुनावतात आणि पुडा पिशवीत टाकतात. दुकानदारावर मात्र राग नसतो, कारण त्याने आधी सांगितलेलं असतं.

ऑनलाइन विक्रीत काउंटरमागे कोणी नसतं. तिथे सांगण्याचं काम उत्पादनाच्या पानाने करायचं असतं आणि नेमकं नेहमीचं गिऱ्हाईक ते पान वाचत नाही. ते मोबाइलवर जुन्या ऑर्डर उघडतं, मागच्या वेळचा मसाला किंवा साबण शोधतं आणि पुन्हा मागवण्याचं बटण दाबतं. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी तर ही वस्तू तुम्ही मागे अमुक तारखेला घेतली होती, असं पानावरच लिहून येतं. त्यामुळे आपण योग्य जागी आलो याची गिऱ्हाइकाची खात्रीच पटते. नवं गिऱ्हाईक शीर्षक, वजन, फोटो, रिव्ह्यू सगळं तपासतं. जुनं गिऱ्हाईक डोळे झाकून विश्वास टाकतं. म्हणजे कंपनीने माल बदलल्यावर पानावरचा मजकूर कितीही नीट बदलला, तरी ज्याला तो वाचण्याची सर्वांत जास्त गरज आहे त्याच्यापर्यंत तो पोचण्याची शक्यता सर्वांत कमी.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, कोल्हापूरचा एक व्यापारी एका स्थानिक उत्पादकाचा कांदा-लसूण मसाला ऑनलाइन विकतो. मसाला पाचशे ग्रॅमच्या पाकिटात येतो आणि छापील किंमत, म्हणजे एमआरपी, 250 रुपये आहे. पुण्या-मुंबईची आणि बंगळुरू-हैदराबादकडे गेलेली मराठी कुटुंबं दर दोन महिन्यांनी एक पाकीट मागवतात. एक दिवस उत्पादक कळवतो की पाकीट बंद, आता चारशे ग्रॅमची प्लॅस्टिकची बरणी येईल, एमआरपी 220 रुपये. मसाला तोच, तिखटपणा तोच. व्यापाऱ्याकडे जुनी 180 पाकिटं शिल्लक आहेत आणि दिवसाला साधारण 12 खपतात, म्हणजे जुना माल पंधरा दिवस पुरेल.

आता व्यापाऱ्याला सर्वांत सोपा वाटणारा रस्ता असा: आहे त्या लिस्टिंगमध्येच शीर्षकातलं 500 काढून 400 करायचं, फोटो बदलायचा, किंमत उतरवायची. पानावर साडेचार तारे आहेत, शेकडो रिव्ह्यू आहेत, शोधलं की पान वर येतं. नवं पान उघडलं तर ही सगळी कमाई शून्यावर येईल, अशी भीती त्याला वाटते. भीती खोटी नाही. तरीही वजन बदललं असेल तर जुन्या पानाला हात लावू नये आणि नवंच पान उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नुकसान होतंच, पण दुरुस्तीच्या रस्त्याने होणारं नुकसान जास्त असतं. ते कसं, हे याच मसाल्यावर पाहता येतं.

पाकिटातल्या ग्रॅमला किती पैसे पडत होते? 250 भागिले 500, म्हणजे 50 पैसे. बरणीत 220 भागिले 400, म्हणजे 55 पैसे. एकूण किंमत तीस रुपयांनी उतरलेली दिसते, पण मसाला दहा टक्क्यांनी महागला आहे. यात लपवण्यासारखं काही नाही, कच्चा माल महागतो, बरणीलाही खर्च येतो. पण जुन्या पानावर फक्त किंमत उतरली तर जुन्या गिऱ्हाइकाला काय दिसतं? मागच्या वेळी 250 ला घेतलेली वस्तू आज 220 ला मिळते आहे. ते आनंदाने दोन मागवतं. घरी बरणी आल्यावर त्याला कळतं की हे स्वस्त झालेलं नाही, लहान झालेलं आहे. महागाईचा राग येतो तो कंपनीचा. फसवल्याचा राग येतो तो विक्रेत्याचा.

इथे एक बारीक कळ आहे आणि ती भल्याभल्यांच्या नजरेतून सुटते. लिस्टिंगमध्ये वजन एकाच ठिकाणी लिहिलेलं नसतं. ते शीर्षकात असतं, ठळक मुद्द्यांत असतं, फोटोत असतं, खालच्या वर्णनात असतं आणि शिवाय आतल्या फॉर्ममध्ये नगाचं माप भरण्याचा एक वेगळा रकाना असतो. या शेवटच्या रकान्यावरून संकेतस्थळ आपोआप दर शंभर ग्रॅमचा भाव काढून किमतीशेजारी दाखवतं. व्यापाऱ्याने शीर्षक बदललं आणि हा रकाना 500 वरच राहिला, तर संकेतस्थळ 220 ला 500 ने भागतं आणि दर शंभर ग्रॅमला 44 रुपये असं छापतं. खरा भाव 55 आहे, पूर्वीचा 50 होता. म्हणजे महागलेली वस्तू पानावर पूर्वीपेक्षाही स्वस्त दिसते, तेही आकडेमोड करून सिद्ध केल्यासारखी. गिऱ्हाइकाने तक्रार केली तर ‘रकाना राहून गेला’ या उत्तरावर कोण विश्वास ठेवील? म्हणून वजन बदललं की पहिल्यांदा शीर्षक पाहू नये, हा रकाना पाहावा.

दुसरा घोटाळा त्याच्या उलटा. पान जुनंच राहतं आणि माल नवा जाऊ लागतो. गोदामातला माणूस नवी खोकी फोडतो, ऑर्डर ‘कांदा-लसूण मसाला’ अशी असते, तो बरणी पॅक करून पाठवून देतो. गिऱ्हाइकाने पानावरचे 250 रुपये भरलेले असतात आणि हातात पडलेल्या बरणीवर एमआरपी 220 छापलेली असते. हा नुसता गैरसमज राहत नाही. छापील किमतीपेक्षा जास्त दराने विक्री झाली आणि वजनमापाच्या कायद्याने तो गुन्हा आहे. व्यापाऱ्याच्या मनात पाप नव्हतं, पण पावती आणि बरणी शेजारी ठेवून फोटो काढला की बाजू मांडायला जागा उरत नाही. वेष्टित वस्तूंच्या 2011 च्या नियमांत दुरुस्ती होऊन 1 जानेवारी 2018 पासून निव्वळ वजन, एमआरपी, उत्पादकाचं नाव-पत्ता यांसारखा मजकूर ऑनलाइन पानावरही दाखवणं बंधनकारक झालं आहे. पान आणि पाकीट यांचा मेळ बसला पाहिजे, ही नुसती चांगल्या धंद्याची रीत राहिलेली नाही.

वजन वाढलं तर प्रश्न नाही, असं कोणाला वाटेल. उलट तिथे जास्त जपावं लागतं. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, केशतेल, टूथपेस्ट, बिस्किटं अशा अनेक वस्तूंवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा मोठ्या पाकिटांच्या किमती उतरल्या, पण पाच-दहा रुपयांच्या काही पाकिटांची किंमत तीच ठेवून कंपन्यांनी आतला माल वाढवला. ज्या विक्रेत्यांनी उत्साहाने पानावर नवं वजन चढवलं आणि मागे पडून असलेला जुना माल पाठवला, त्यांच्या गिऱ्हाइकाला कबूल केल्यापेक्षा कमी वजन मिळालं. वजन घटलेलं असताना जुनं पाकीट चुकून गेलं तर गिऱ्हाइकाला शंभर ग्रॅम जास्त मिळतात आणि ते गप्प बसतं. वाढलेलं असताना जुनं गेलं तर मापात पाप होतं. त्याच वेळी न विकलेल्या मालावर सुधारित किमतीचा स्टिकर लावायला सरकारने परवानगी दिली होती, पण मूळ छापील किंमत झाकायची नाही अशी अट होती. एकाच वस्तूवर दोन किमती पाहून गोंधळलेलं गिऱ्हाईक मग पानावर स्पष्टीकरण शोधतं. एरवी पान न वाचणारा माणूस अशा वेळी मात्र ते वाचतो.

मग प्रत्येक बदलाला नवं पान हवं का? नाही. नुसतं वेष्टन बदललं, आतला माल आणि वजन तेच राहिलं, तर जुनंच पान ठेवावं. लाल पाकिटाचं पिवळं झालं, बोधचिन्ह बदललं, झाकणाचा रंग बदलला, एवढ्यासाठी वेगळी लिस्टिंग करणं म्हणजे गिऱ्हाइकाला दोन दारांपुढे उभं करणं. ते दोन्हीकडे पाहतं, फरक कळत नाही, खरं कुठलं आणि नकली कुठलं अशी शंका येते आणि शेवटी ते काहीच घेत नाही. अशा वेळी नव्या पाकिटाचा मुख्य फोटो लावावा आणि दुसऱ्या फोटोत जुनं व नवं पाकीट शेजारी-शेजारी दाखवून खाली लिहावं: ‘पाकिटाचं रूप बदललं आहे. मसाला आणि 500 ग्रॅम वजन पूर्वीचंच. काही दिवस जुनं पाकीटही येऊ शकतं.’ हे शेवटचं वाक्य फार उपयोगाचं आहे. ते नसेल तर नवा फोटो पाहून मागवणाऱ्याला जुनं पाकीट मिळतं आणि त्याला वाटतं की विक्रेत्याने शिळा माल खपवला.

दुसरा फोटो असं मुद्दाम म्हटलं, कारण ॲमेझॉनवर मुख्य फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा, नुसत्या वस्तूचा लागतो. त्यावर ‘नवं’, ‘आता 400 ग्रॅम’ अशी वरून चिकटवलेली पट्टी चालत नाही. पाकिटावर मुळात छापलेलं असेल तेवढंच दिसू शकतं.

कुठल्या बदलाला वेगळी ओळख द्यायची, याचा नियम बारकोडच्या जगात आधीच ठरलेला आहे. पाकिटावरच्या काळ्या रेघांखाली जो आकडा असतो, तो देणाऱ्या जीएस-वन या संस्थेच्या नियमावलीनुसार पाकिटावर जाहीर केलेलं निव्वळ वजन बदललं की आकडाही नवा घ्यायचा असतो. घटक असे बदलले की मजकुरात ते सांगावं लागतं, तरी नवा आकडा. बाहेरचं माप किंवा एकूण वजन 20 टक्क्यांहून जास्त बदललं, तरीही नवा. नुसतं चित्र किंवा रंग बदलला तर जुनाच चालतो. लिस्टिंगसाठीही मला ही फूटपट्टी पुरेशी वाटते: बारकोड बदलायला हवा असा बदल असेल तर पान नवं, नाहीतर जुनंच.

गंमत अशी की लहान उत्पादक हे करत नाहीत. आपल्या मसालेवाल्याने बरणीवर पाकिटाचाच बारकोड छापला, असं होण्याची शक्यता बरीच आहे. तसं झालं तर नवं पान उघडू पाहणाऱ्या व्यापाऱ्याला प्रणाली अडवते, कारण तो आकडा टाकल्यावर ती त्याला पाचशेच्या जुन्याच पानावर नेऊन सोडते. इथे आडमार्ग शोधू नये, उत्पादकाला फोन करावा. बारकोडचे आकडे कंपनीला सुट्टे मिळत नाहीत, गठ्ठ्याने मिळतात. त्यातले वापरलेले थोडे आणि मोकळे पुष्कळ असतात. उत्पादकाला एक नवा आकडा काढून पुढच्या छपाईत घालायचा असतो आणि छापून झालेल्या बरण्यांवर तोवर स्टिकर लावायचा असतो. बहुतेक वेळा त्याला कोणी सांगितलेलं नसतं, एवढंच.

नवा बारकोड मिळाला की बदल्याचे दिवस सुरू होतात. व्यापाऱ्याच्या हाताशी पंधरा दिवस आहेत. पहिलं काम संगणकावर नाही, गोदामात आहे. बरणीला स्वतःचा वेगळा आतला क्रमांक, म्हणजे एसकेयू, द्यायचा. जुन्याचा `KLM-P-500` असेल तर नव्याचा `KLM-B-400`. जुना क्रमांक पुन्हा वापरला की शिल्लक मोजणाऱ्या प्रणालीला 180 पाकिटं आणि 300 बरण्या मिळून 480 एकसारखे नग दिसतात. मग कुठल्या ऑर्डरला काय गेलं, ते शोधता शोधता रात्र जाते. माल संकेतस्थळाच्याच गोदामात ठेवत असाल तर तिथे पाठवायच्या बरणीवर नव्या पानाचंच लेबल लागलं पाहिजे, कारण तिथला कामगार लेबल वाचतो, मसाला ओळखत नाही. बरणीचं खोकं मोजून, वजन करून ते आकडेही नव्याने भरायचे. पाकीट सपाट असतं, बरणी जागा खाते आणि कुरिअरवाले आकारमानावरूनही पैसे लावतात.

नवं पान तयार झालं तरी जुनं लगेच बंद करायचं नाही. पाकिटं संपेपर्यंत दोन्ही पानं चालू ठेवायची, प्रत्येक पानावरून त्याचाच माल द्यायचा. या पंधरा दिवसांत जुन्या पानावर दोन वाक्यं घालायची: ‘500 ग्रॅमचं पाकीट शिल्लक असेपर्यंतच मिळेल. यापुढे हाच मसाला 400 ग्रॅमच्या बरणीत येईल.’ आणि प्रत्येक जुन्या पाकिटासोबत खोक्यात एक चिठ्ठी टाकायची. माझ्या मते सगळ्या खटाटोपात सर्वांत उपयोगी हीच चिठ्ठी, कारण पान न वाचणारं गिऱ्हाईक खोकं मात्र स्वतःच्या हाताने उघडतं. पुढच्या ऑर्डरच्या दोन महिने आधी त्याला बातमी मिळते. चिठ्ठीत एवढंच लिहावं: ‘हे 500 ग्रॅमचं शेवटच्या खेपेतलं पाकीट आहे. पुढच्या वेळी 400 ग्रॅमची बरणी येईल, एमआरपी 220 रुपये. पूर्वी ग्रॅमला 50 पैसे पडत होते, आता 55 पडतील. मसाल्याची कृती बदललेली नाही.’ भाव वाढल्याचं स्वतःहून छापायला व्यापाऱ्याचा हात थरथरतो, पण बरणीवर दर ग्रॅमचा भाव नियमाने छापावा लागतोच. तो गिऱ्हाइकाला बरणीवर सापडण्याआधी आपण सांगितलेला बरा. चिठ्ठीत पाच तारे देण्याची विनंती करू नये आणि आमच्याकडून थेट मागवा म्हणून फोन नंबरही देऊ नये. दोन्ही गोष्टी मोठ्या संकेतस्थळांच्या नियमांत बसत नाहीत आणि खातं बंद होण्यापर्यंत वेळ येते.

त्याच कारणाने, जुन्या गिऱ्हाइकांना संकेतस्थळाच्या संदेशपेटीतून बरणीची जाहिरात पाठवता येत नाही. तिथला पत्रव्यवहार चालू ऑर्डरपुरता असतो. व्हॉट्सॲपवर स्वतःची यादी बाळगणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे ‘नेहमीचं पाठवा’ एवढाच निरोप येतो आणि तिथे किराणा दुकानदारासारखं आधी विचारता येतं: “ताई, आता बरणी आलीय, चारशेची, दोनशे वीसला. पाठवू?” ‘हो’ आल्याशिवाय बरणी पाठवू नये. नेहमीचं म्हणजे पाचशेचं पाकीट, त्याला दिलेला होकार बरणीला लागू होत नाही.

नव्या पानाचं शीर्षक लिहिताना वजन पुढे घ्यावं. मोबाइलवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते आणि सवयीने आपण वजन शेपटीलाच लावतो. ‘कांदा-लसूण मसाला, 400 ग्रॅम बरणी’ एवढं आधी येऊ द्यावं, मग अस्सल, घरगुती, झणझणीत जे काय म्हणायचं ते म्हणावं. आणि ‘नवीन आकर्षक पॅकिंग’ हे शब्द वजन घटवलेल्या वस्तूवर लिहू नयेत. पुन्हा पुन्हा फसलेल्या गिऱ्हाइकाने त्यांचा अर्थ केव्हाच ओळखला आहे.

बदलाची सूचना किती दिवस ठेवायची? फ्रान्समध्ये 1 जुलै 2024 पासून मोठ्या दुकानांना, वजन घटवून भाव वाढलेल्या वस्तूशेजारी तशी पाटी दोन महिने लावावी लागते. दर आठवड्याला सामान भरणाऱ्याला दोन महिने भरपूर झाले. आपल्या मसाल्याचं गिऱ्हाईक मात्र दोन महिन्यांनी एकदा येतं. पहिल्या फेरीला ते चिठ्ठी विसरलेलं असू शकतं, एखादी फेरी गावाहून आणलेल्या मसाल्यामुळे चुकते. तीन फेऱ्या धरल्या तर सहा महिने होतात आणि तेवढे दिवस नव्या पानावर जुन्या पाकिटाशेजारी बरणी दाखवणारा फोटो राहू द्यावा. टूथपेस्टला हा हिशेब वेगळा येईल, वर्षाने घेतल्या जाणाऱ्या लोणच्याला आणखी वेगळा.

आता ताऱ्यांचं काय? इथे एक सरळ वाट उपलब्ध आहे. मसाला तोच आणि फरक फक्त मापाचा असेल, तर पाचशेचं पाकीट आणि चारशेची बरणी ही एकाच उत्पादनाची दोन मापं म्हणून एकत्र जोडता येतात. गिऱ्हाइकाला एकाच पानावर दोन चौकटी दिसतात. पाचशेची संपली की ती चौकट निस्तेज होते आणि शेजारी चारशेची चालू असते. जुन्या दुव्यावरून आलेला माणूस भिंतीवर आपटत नाही आणि निवडायला त्याला एकदा बोट लावावंच लागतं. त्या एका स्पर्शात त्याला वजन दिसतं. रिव्ह्यू दोन्हींचे मिळून दिसतात आणि ते वावगंही नाही, कारण लोकांनी चवीबद्दल लिहिलं आहे आणि चव बदललेली नाही.

हीच सोय भलत्या मालाला लावली की लबाडी होते. अमेरिकेत जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या ‘द बाउंटिफुल कंपनी’वर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नेमका हाच ठपका ठेवला. कंपनीने ॲमेझॉनवर आपली नवी उत्पादनं, जुन्या आणि नावाजलेल्या वेगळ्याच उत्पादनांची रूपं असल्यासारखी जोडून घेतली आणि जुन्यांचे तारे-रिव्ह्यू नव्यांना मिळवून दिले. फेब्रुवारी 2023 मध्ये जाहीर झालेल्या आदेशानुसार कंपनीला सहा लाख डॉलर भरावे लागले. आपल्या व्यापाऱ्याचा आकार तिच्यापुढे काहीच नाही, पण कसोटी तीच आहे. जुन्या रिव्ह्यूतलं वाक्य नव्या वस्तूबद्दलही खरं ठरतं का? उत्पादकाने बरणी करताना मिरची बदलली असेल, तेल कमी केलं असेल, तर ‘आमच्या आईच्या हातची चव’ हा जुना रिव्ह्यू बरणीला लागू होत नाही. मग पान सुटंच हवं, तारे शून्यापासून.

आणखी एक अडचण, ब्रँड आपला नसलेल्या विक्रेत्यांची. ॲमेझॉनवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि त्यावर अनेक विक्रेते बसलेले असतात. तुम्ही शीर्षक 400 केलं तरी अजून पाचशेचा माल विकणारा दुसरा कोणी पुन्हा 500 करू शकतो. ब्रँड नोंदवलेल्या मालकाचा शब्द अशा वादात वरचढ ठरतो, म्हणून बदल त्याच्याकडूनच करून घेणं चांगलं. ते होईना, तर बरणीच्या सगळ्या बाजूंचे, वजन व बारकोड स्पष्ट वाचता येणारे फोटो जोडून विक्रेता मदत-कक्षात तक्रार टाकावी आणि ती निकाली निघेपर्यंत त्या पानावरचा आपला माल शून्य करून ठेवावा. चुकीच्या पानावर आठवडाभर विक्री करण्यापेक्षा आठवडाभर विक्री न झालेली परवडते.

मॉडेल बदलतं तेव्हा ग्रॅम मोजून भागत नाही. तिथे नेहमीच्या गिऱ्हाइकाचा प्रश्न असतो: माझ्याकडे आहे त्याला हे बसेल का? पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचा फिल्टर, मिक्सरचं भांडं, ट्रिमरचं पातं या वस्तू घेणारा माणूस मुळात जुन्या यंत्राचा मालक असतो. कंपनीने यंत्राचा आकार किंचित बदलला आणि फिल्टरही बदलला, तर जुन्या फिल्टरच्या पानावर नवा फिल्टर चढवणं म्हणजे प्रत्येक जुन्या गिऱ्हाइकाला न बसणारी वस्तू पाठवणं. अशा वेळी पान तर वेगळं हवंच, शिवाय यंत्रावरची मॉडेल क्रमांकाची पट्टी कुठे असते आणि त्यातली कुठली अक्षरं पाहायची याचा जवळून काढलेला फोटो दोन्ही पानांवर हवा. ‘जुन्या मॉडेलसाठी’ असं मोघम लिहिण्यात अर्थ नाही, आपलं यंत्र जुनं असं कोणी मानत नाही.

कधी वस्तू तीच राहते आणि तिच्यावरचा शिक्का बदलतो. 1 जुलै 2022 पासून एअर कंडिशनरच्या तारांकनाचे निकष कडक झाले आणि आदल्या दिवशीपर्यंत पाच तारे मिरवणारी यंत्रं चार ताऱ्यांवर आली. यंत्रात काही बिघडलं नव्हतं. पण पहिल्या खोलीसाठी पाच ताऱ्यांचा एसी घेतलेलं कुटुंब दुसऱ्या खोलीसाठी तोच शोधायला आलं की त्याला तो हलका केलेला वाटतो. ऊर्जाबचतीच्या लेबलवर ते कुठल्या काळासाठी आहे हे छापलेलं असतं, म्हणून पानावर ताऱ्यांसोबत तो काळही लिहावा आणि निकष बदलले, यंत्र तेच आहे, असं एका वाक्यात सांगावं. नुसते तारे बदलून गप्प बसलं की गिऱ्हाईक स्वतःचा अर्थ लावतं आणि तो विक्रेत्याच्या बाजूने क्वचितच असतो.

बदल नीट पार पडला की नाही, हे नव्या पानाच्या पहिल्या महिन्यात कळतं. एकूण विक्रीचा आकडा इथे फसवा असतो, तो थोडा उतरणारच. ज्यांनी दर दोन महिन्यांची नोंदणी करून ठेवली होती त्यांची नोंदणी जुन्या पानाशी बांधलेली असते, ती नव्यावर आपसूक येत नाही, काही गिऱ्हाइकं तिथे गळतातच. पाहायचं ते तक्रारींच्या शब्दांकडे. ‘महाग झालं’ असं कोणी लिहिलं तर बातमी पोचली आहे. ‘हे कमी का आलं?’ किंवा ‘हे पाचशेचं आहे ना?’ असं विचारलं तर कुठेतरी जुना आकडा शिल्लक आहे. मग दुसऱ्याच्या मोबाइलवरून, आपलं खातं न उघडता, पान पाहावं. बहुधा चौथ्या-पाचव्या फोटोत जुनं पाकीट सापडतं, नाहीतर तो मापाचा रकाना.

180 पाकिटं संपली की जुनं पान बंद करावं, पण यादीतून पुसून टाकू नये. विक्रीचा इतिहास, जुन्या ऑर्डरची चौकशी, एखाद्या गिऱ्हाइकाचा परतावा यांसाठी तो क्रमांक लागतो. आणि पान बंद केल्यावरही पाकिटं यायची थांबत नाहीत. घरी कोणी नव्हतं, पत्ता चुकला, पैसे देऊन घ्यायच्या ऑर्डरला ऐनवेळी नकार मिळाला, अशी परत फिरलेली खोकी पुढचे दोन-तीन आठवडे दारात येत राहतात. ती बरणीच्या शिलकीत मिसळू नयेत आणि त्यांच्यासाठी पाचशेचं पानही पुन्हा उघडू नये, कारण तेवढ्यात कोणीतरी सवयीने सहा पाकिटं मागवतो आणि शिल्लक असतात चार. शिवण उसवलेली आहे का, खाण्यायोग्य मुदत किती उरली आहे ते पाहून ती दुकानातल्या काउंटरवर छापील किमतीच्या आत विकून टाकावीत.